कुंपण कोणाभोवती होते?

रावेरात अलीकडे झालेल्या एका व्याख्यानात वक्त्यांनी ठासून सांगितले, की प्राचीन भारतात राजा धर्माच्या खाली होता. मनाला येईल तसा कायदा करण्याची त्याला मुभा नव्हती. ज्या गुन्ह्याला सामान्य माणसाला एक कार्षापण दंड, त्याच गुन्ह्याला राजाला हजार. राजसत्तेला लगाम घालणारी राज्यघटना आपल्याकडे दोन हजार वर्षांपूर्वीच होती, तिचे नाव धर्मशास्त्र, असा त्यांचा निष्कर्ष होता आणि त्याला भरभरून टाळ्या मिळाल्या. मला हा निष्कर्ष मान्य नाही. वक्त्यांनी सांगितलेली वचने खरी आहेत, पण त्यांच्या मागचीपुढची वचने त्यांनी वाचून दाखवली नाहीत, आणि सगळी मेख तिथेच आहे.

पडताळा घेणे अवघड नाही. आपल्याच खानदेशातल्या पिंपळनेरला जन्मलेल्या तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी वाईच्या प्राज्ञपाठशाळेत ‘धर्मकोश’ उभा केला. त्याच्या व्यवहारकांडाचे खंड १९३७ पासून निघू लागले. एकेका विषयावर कोणत्या स्मृतीने काय म्हटले आणि कोणत्या टीकाकाराने त्याचा अर्थ कसा लावला, हे तिथे एका जागी मांडलेले आहे. एकच श्लोक उचलून बाकीचे झाकण्याची सोय त्या ग्रंथाने ठेवलेली नाही.

आधी त्या हजारपट दंडाचे पाहू. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तो आहे (८.३३६). प्रश्न असा, की तो वसूल कोण करणार? न्यायसभा राजाची, दंड राजाचा, कोशही राजाचाच. याचे उत्तर नवव्या अध्यायात मिळते. राजांवर दंड धरणारा देव वरुण, असे मनू तिथे सांगतो (९.२४५). त्यावरून टीकाकार कुल्लूक आठव्या अध्यायातल्या श्लोकाचा अर्थ लावतो, की राजाने स्वतःवरचा दंड पाण्यात टाकावा किंवा ब्राह्मणांना द्यावा. म्हणजे आरोपी तोच, न्यायाधीश तोच आणि पैसे नदीत किंवा दानात. ज्याच्यावर अन्याय झाला त्याचा या व्यवस्थेत उल्लेखही नाही.

याज्ञवल्क्य एक पाऊल पुढे जातो. राजाने अन्यायाने दंड घेतला असेल तर त्याच्या तीसपट रक्कम वरुणाला अर्पण करून ब्राह्मणांना द्यावी, असे तो म्हणतो (२.३०७). ज्याचे पैसे गेले त्याला त्याची मूळ रक्कम परत मिळाली पाहिजे, हे विज्ञानेश्वराला ‘मिताक्षरे’त वेगळे सांगावे लागले. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या राज्यात, म्हणजे अकराव्या-बाराव्या शतकाच्या संधीवर, दख्खनमध्ये बसून लिहिणाऱ्या या टीकाकाराला ती उणीव दिसली, याचे श्रेय त्याला द्यायलाच हवे. पण मूळ वचनात ती उणीव होती, हेही लपवता येत नाही.

वक्त्यांच्या बाजूने एक बळकट पुरावा आहे आणि तो मी टाळणार नाही. प्रजेचे रक्षण न करता तिला लुटणाऱ्या राजाला प्रजेने एकत्र येऊन पिसाळलेल्या कुत्र्यासारखे मारावे, असे महाभारताच्या अनुशासनपर्वात म्हटले आहे. हे वचन धीट आहे. पण ते बंडाला मान्यता देते, कायद्याची वाट दाखवत नाही. राजाविरुद्ध फिर्याद कुठे करावी, ती कोणी ऐकावी, निकाल कोणी बजावावा, यातले काहीच धर्मशास्त्राने बांधून दिले नाही. घटना म्हणायचे तर हे सगळे लागते.

आता मुख्य मुद्दा. राजाला कायदा करण्याची मुभाच नव्हती, हे विधान सरसकट खरे नाही. वादाचा निर्णय धर्म, व्यवहार, चरित्र आणि राजशासन या चार पायांवर होतो आणि त्यांत पुढचा पाय मागच्याला बाधतो, असे कौटिल्य सांगतो. नारदस्मृतीतही हीच मांडणी आहे. हे चार पाय कायद्याच्या चढत्या पायऱ्या नाहीत, खटल्याचा निकाल लावण्याचे चार मार्ग आहेत, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे आणि मलाही ते पटते. तरीही सगळ्यांत शेवटी राजाची आज्ञा येते, हे उरतेच. याज्ञवल्क्य तर राजाने केलेला धर्म जपावा असे स्पष्ट सांगतो (२.१८६). तेव्हा राजाला आज्ञा काढता येत होती. प्रश्न आहे कशाबद्दल, आणि याचे उत्तर दोन टीकाकारांनी उदाहरणे देऊन दिले आहे.

पहिला मेधातिथी. राजाने ठरवलेला धर्म कोणी मोडू नये, या मनूच्या श्लोकावर (७.१३) नवव्या शतकातला हा टीकाकार राजाज्ञांचे नमुने देतो. आज नगरात सर्वांनी उत्सव करावा. मंत्र्याच्या घरी लग्न आहे, तिथे सर्वांनी हजर राहावे. आज सैनिकांनी पशू मारू नयेत, पक्षी पकडू नयेत. सावकारांनी इतके दिवस ऋणकोंना अडवून ठेवू नये. आणि लगेच तो सीमा आखतो: अग्निहोत्रासारखी कर्मे आणि वर्णाश्रमाचे धर्म यांत राजाला हात घालता येणार नाही. दुसरा आपला विज्ञानेश्वर. याज्ञवल्क्याच्या श्लोकावर त्याची उदाहरणे अशी: वाटसरूंना जेवण द्यावे, शत्रूच्या मुलखात घोडे पाठवू नयेत. हेही मूळ धर्माला बाध न आणणारेच असले पाहिजे.

ही उदाहरणे पुन्हा वाचावीत अशी माझी वाचकांना विनंती आहे. उत्सव, लग्न, पाखरे, घोडे, चार दिवस सावकाराचा तगादा थांबवणे, एवढे राजाच्या हातात. कोणी कोणता धंदा करावा, कोणी वेद ऐकावा, कोणाची सेवा कोणी करावी, हे त्याच्या हाताबाहेर. म्हणजे राजसत्तेला कुंपण होते, यात वाद नाही. वाद आहे तो त्या कुंपणाच्या आत काय होते याचा. वक्त्यांच्या बोलण्यावरून वाटते की आत प्रजेचे हक्क होते. ग्रंथ सांगतात की आत वर्ण होता.

ते सांगताना ग्रंथ आडपडदा ठेवत नाहीत. मनूच्या मते शूद्राला त्याच्या धन्याने मोकळे केले तरी तो सेवेतून सुटत नाही, कारण ती त्याला जन्मतःच लागलेली आहे (८.४१४). इथे धन्याची इच्छाही चालत नाही. वैश्य आणि शूद्र यांच्याकडून त्यांची त्यांची कामे राजाने प्रयत्नपूर्वक करून घ्यावीत, नाहीतर ते जगाची घडी विसकटून टाकतील (८.४१८). खालच्या जातीच्या माणसाने लोभाने वरच्याचा धंदा धरून पोट भरले, तर राजाने त्याचे धन काढून घेऊन त्याला हद्दपार करावे (१०.९६). राजाला धर्माच्या खाली ठेवणारे जे शास्त्र, तेच त्याच्या हाती ही काठी देते. धर्म कशात आहे हे राजाला सांगायला केवळ जन्माने ब्राह्मण असलेलाही चालेल, शूद्र मात्र कधीच नाही, असेही तिथेच आहे (८.२०). अर्थ लावण्याचा अधिकार ज्यांच्याकडे, लगाम त्यांच्याच हाती.

चोरीत शूद्राला आठपट दोष तर ब्राह्मणाला चौसष्टपट किंवा त्याहून जास्त (८.३३७-३३८), हा श्लोक वक्त्यांनी आवर्जून सांगितला. तो आहे. त्याच अध्यायात ब्राह्मणाला देहदंड नाही, त्याच्या ऐवजी मुंडण, आणि कितीही मोठे पाप केले तरी धनासकट, अंगाला इजा न करता देशाबाहेर पाठवणे, हेही आहे (८.३७९-३८०). शूद्राने द्विजाला कठोर शब्दांत हिणवले तर जीभ कापावी, हेही आहे (८.२७०). आठपट-चौसष्टपट सांगणाऱ्याने हे तीन श्लोक गाळले तर श्रोत्यांपुढे अर्धेच पान ठेवले जाते.

धर्म मोडणाऱ्या राजाचे काय होते, याची सर्वांत प्रसिद्ध कथा वेन राजाची. मनू त्याचे नाव दोनदा काढतो: एकदा उद्धटपणाने नाश पावलेल्यांत (७.४१) आणि एकदा नियोगाची चाल पाडून वर्णसंकर घडवणारा म्हणून (९.६६-६७). पुराणात ऋषी त्याला मंत्रलेल्या दर्भांनी मारतात. त्याचा अपराध काय, तर यज्ञ आणि दाने बंद करा असा हुकूम त्याने काढला. कर फार लावला, निरपराध्याला सुळी दिले, दुष्काळात कोठारे उघडली नाहीत, असे काही त्या आरोपात नाही. शास्त्राला राजाने काय केलेले खपत नव्हते, याचे याहून थेट उदाहरण मला माहीत नाही.

इथपर्यंत वाचून ज्यांना आनंद झाला असेल त्यांच्याशीही माझे भांडण आहे. व्याख्यानानंतर वक्त्यांना विरोध करणारे म्हणाले, की मनुस्मृती हा या देशाचा कायदा होता आणि दोन हजार वर्षे तो शब्दशः राबवला गेला. हेही तितकेच चुकीचे आहे आणि याचा पुरावा खानदेशातल्या घराघरांत आहे.

विधवेचे लग्न मनूला मान्य नाही. लग्नाच्या विधीत विधवेचे पुन्हा लग्न कुठेच सांगितलेले नाही, असे तो म्हणतो (९.६५). नारद आणि पराशर पाच आपत्तींत दुसरा पती करायला परवानगी देतात, पण पुढच्या निबंधकारांनी कलियुगाचे कारण सांगून ती मागे घेतली. आता आपल्याकडे पाहा. कुणबी, माळी, कोळी आणि अशाच बहुतेक कष्टकरी जातींत विधवेचा पाट लागत होता. आपल्याकडे त्याला गंधर्वही म्हणतात. तो रात्री लागे, वाजंत्री नसे, वैदिक मंत्र नसत. पहिल्या लग्नाचा मान त्याला नव्हता आणि विधवेला मागच्या नवऱ्याच्या घरचे सोडून यावे लागे. पण ते लग्न होते, त्याची मुले औरस होती. नवऱ्याशी पटत नसेल तर पंचांपुढे काडीमोड होई, फारकत लिहून दिली जाई आणि बाईला पाट लावता येई. हे काही चोरून चालत नव्हते. मराठेशाहीच्या करांच्या यादीत ‘पाटदाम’ नावाचा कर आहे आणि तो पाटाच्या लग्नावरच घेतला जाई. धर्मशास्त्राचे सर्वांत कडवे रक्षक म्हणून ज्या पेशवाईचे नाव घेतले जाते, तिच्या दप्तरात शास्त्राने निषेधलेल्या लग्नाचे उत्पन्न जमा होत होते.

हे शास्त्राविरुद्ध झाले का? नाही, आणि हेच दोन्ही बाजूंना दिसत नाही. मनूच राजाला सांगतो की जातीचे, प्रदेशाचे, श्रेणीचे आणि कुळाचे धर्म नीट पाहून घे आणि मग आपला धर्म प्रस्थापित कर (८.४१). जातीला तिची चाल होती आणि राजाचे काम ती चाल त्या जातीच्या हद्दीत राखण्याचे होते. पाटाला सरकारने मान्यता दिली यात सुधारणा नव्हती. ज्या जातीत पाट नव्हता, तिथल्या विधवेला याच न्यायाने पाट नाकारला जाई. आणि एखाद्या जातीने वरच्या जातीची चाल उचलली की तोच राजा आडवा येई. १७७९ मध्ये सोनारांनी ब्राह्मणांसारखा ‘नमस्कार’ करू नये म्हणून पुण्याच्या दरबाराच्या आग्रहावरून मुंबईच्या कंपनी सरकारनेही ठराव केला. एका जातीला पाट लावू देणारे आणि दुसऱ्या जातीला नमस्कार करू न देणारे राज्य एकाच तत्त्वाने चालत होते: ज्याने त्याने आपल्या जागी राहावे.

म्हणून मनुस्मृती राबवली गेली की नाही, हा प्रश्नच मला अपुरा वाटतो. तिचे श्लोक बहुतेक जातींच्या रोजच्या जगण्यात नव्हते. तिने राजाला दिलेले काम मात्र राजे करत राहिले.

१८१८ मध्ये खानदेश कंपनीकडे आला. बंगालात वॉरन हेस्टिंग्जने १७७२ मध्येच हिंदूंच्या लग्न-वारशाच्या वादांना शास्त्र लावले होते. मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनने वेगळा रस्ता धरला. १८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनमध्ये सरकारी कायद्यानंतर पहिला मान देशाच्या रूढीला मिळाला आणि प्रतिवादीच्या धर्माचा कायदा तिच्या मागे गेला. त्याच वर्षी आर्थर स्टीलचे दख्खनमधल्या जातींच्या कायद्यांवरचे आणि चालींवरचे पुस्तक मुंबईत छापले गेले. जातीच्या अंतर्गत प्रश्नांत कोर्टाने पडू नये, हेही त्या वर्षीच्या दुसऱ्या रेग्युलेशनमध्ये लिहिले गेले. ही मांडणी ८.४१ च्या किती जवळ आहे, ते वाचकांनी पाहावे. गोऱ्या राजाने जुन्या राजाचेच काम थोडी भाषा बदलून हाती घेतले.

मग १८७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे संभू रघूचा खटला आला. पहिला नवरा जिवंत असताना जातीच्या परवानगीने बाईचे दुसरे लग्न लागले होते. न्यायालयाने म्हटले, की लग्न रद्द करण्याचा किंवा बाईला पुन्हा लग्नाची परवानगी देण्याचा जातीचा अधिकार आम्ही मानत नाही, आणि जातीच्या परवानगीवर प्रामाणिक विश्वास ठेवला होता, हा बचाव चालणार नाही. एका फटक्यात लग्न मोडण्याचा जातपंचायतीचा अधिकार गेला. पण त्या बाईच्या हाती काय आले? नवऱ्यापासून सुटण्याची जी एक वाट होती ती बंद झाली, तिच्या जागी दुसरी उघडली नाही, आणि दुसरे लग्न गुन्हा ठरले. पंचांची सत्ता काढणे आणि पंचांकडे जाणाऱ्या बाईला न्याय देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्रजी न्यायाने पहिली केली, दुसरीकडे पाहिले नाही.

१९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने घटस्फोट दिला आणि कलम २९(२) मध्ये रूढीने मिळणारी फारकतही शाबूत ठेवली. त्यामुळे आजही स्टॅम्प पेपरवर फारकत लिहून नवे लग्न लावलेली जोडपी दिसतात. ज्यांच्या घरी असा कागद आहे त्यांनी एक गोष्ट नीट समजून घ्यावी. तो कागद स्वतःहून लग्न मोडत नाही. आपल्या जातीत ही चाल जुनी आहे, सतत चालत आलेली आहे आणि निश्चित स्वरूपाची आहे, हे कोर्टात मांडावे लागते आणि पुराव्याने सिद्ध करावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये हे पुन्हा बजावले. सिद्ध झाले नाही तर दुसरे लग्न अवैध ठरते आणि त्याचा सगळा भार पोटगी मागायला किंवा वारसा सांगायला गेलेल्या बाईवर पडतो. म्हणून नोटरीपुढे सही करून थांबू नये. परस्पर संमतीने घटस्फोटाची तरतूद १९७६ पासून त्याच कायद्यात आहे. कोर्टाचा हुकूमनामा हाती असला की जातीची चाल सिद्ध करण्याची वेळच येत नाही.

राज्यघटनेने नेमके काय बदलले, हे आता वक्त्यांना सांगता येईल. कलम २५ ने धर्मस्वातंत्र्य दिले आणि त्याच कलमाच्या दुसऱ्या भागात सामाजिक सुधारणेसाठी कायदा करण्याची सत्ता राज्याकडे ठेवली, हिंदूंची सार्वजनिक मंदिरे सर्व वर्गांना खुली करण्यासकट. कलम १७ ने अस्पृश्यता संपवली. मेधातिथीने राजाला जिथे हात घालू नको म्हटले होते, नेमका तिथे हात घालण्याचा अधिकार घटनेने विधिमंडळाला दिला. या घटनेला धर्मशास्त्राची वारस म्हणणे ही तिच्याशी केलेली फसवणूक आहे.

ती सत्ता वापरणे सोपे नाही. मुंबई विधिमंडळाने १९४९ मध्ये जातीबाहेर टाकण्याला बंदी केली. दाऊदी बोहरांच्या सय्यदनांनी त्याला आव्हान दिले आणि १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरवला. सरन्यायाधीश सिन्हा यांनी तेव्हा वेगळा निकाल लिहिला होता. त्यांच्या मते बहिष्काराने माणसाचे नागरी हक्कच हिरावले जातात आणि ते वाचवणे हे राज्याचे काम आहे. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध नवा कायदा केला आणि तो २०१७ मध्ये अमलात आला. १९६२ च्या निकालाचा फेरविचार व्हावा म्हणून १९८६ मध्ये बोहरा समाजातल्याच सुधारकांनी अर्ज केला. या समाजाचा मोठा दर्गा आपल्या शेजारच्या बऱ्हाणपुरात आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो अर्ज नऊ न्यायाधीशांच्या पीठाकडे धाडला. समाजातून माणसाला बाहेर टाकण्याच्या धर्मगुरूच्या अधिकाराला राज्याचा कायदा शिवू शकतो का, हे त्या नऊ जणांना ठरवायचे आहे. मेधातिथीचे उत्तर काय असते, ते वर आलेच आहे. माझे उत्तर सिन्हांचे आहे. वक्त्यांनी पुढच्या व्याख्यानात त्यांचे उत्तर सांगावे.